तिसरा रकाना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तळमजल्यावरच्या वहिनींनी भर दुपारी माझं दार वाजवलं. हातात फोन, कपाळाला आठ्या. म्हणाल्या, "ताई, तुमचा व्हिडिओ आत्ताच बघितला. आज साडेचार मीटरच्या वर लाट येणार ना? म्हणजे दीड मजला झाला. आमचं सामान वर आणून ठेवू का तुमच्याकडे?"

मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि पुढची दहा मिनिटं कागदावर रेघा ओढत समजावलं. त्या शांत होऊन खाली गेल्या. मी मात्र दिवसभर अस्वस्थ होते. जे दहा मिनिटांत कागदावर सांगितलं, तेच सांगण्यासाठी तर तो व्हिडिओ केला होता. एकूण आठ स्लाइड, साडेसात मिनिटं. मुंबईत मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी का तुंबतं आणि ते केव्हा ओसरेल याचा अंदाज कसा बांधायचा, एवढाच विषय. आमच्या परळच्या गल्लीतल्या इमारतींसाठी तो पावसाळ्याआधी फिरवायचा होता. वहिनींनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, मन लावून पाहिला होता. आणि त्यातून त्या दोन गोष्टी शिकल्या होत्या, दोन्ही चुकीच्या. भरती म्हणजे साडेचार मीटरची लाट, आणि ती आज येणार आहे.

मी भूगोल शिकवते. भरती-ओहोटीचा हा आलेख मी वर्गात वीसेक वर्षं काढत आले. पावसाळ्याआधी सोसायट्यांच्या बैठकांमध्येही तोच घेऊन बोलते. एवढ्या वर्षांत असा गैरसमज घेऊन कोणी उठून गेल्याचं मला आठवत नाही. म्हणून आधी वाटलं, वहिनींचं लक्ष नसेल. मग शेवटच्या दोन-तीन बैठका आठवून पाहिल्या. प्रत्येक बैठकीत तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कोणीतरी मध्येच बोललेलं होतं. "एवढी मोठी लाट, मॅडम?" वर्गात तर हा प्रश्न दरवर्षी मागच्या बाकावरून येतोच. मी थांबते, हसते, "लाट नाही रे, पातळी," असं म्हणते, हात जमिनीपासून सावकाश वर नेऊन दाखवते आणि पुढे जाते. हे उत्तर माझ्या टिपणवहीत कुठेच नव्हतं. लिहायची गरजच कधी पडली नव्हती, कारण ते आठवून द्यायला दरवेळी कोणीतरी समोर असायचं. व्हिडिओ करताना मी टिपणवही समोर ठेवली आणि तिच्यात होतं तेवढंच बोलले. विचारणारा नव्हता, म्हणून उत्तरही गेलं.

माझ्या बोलण्यातला किती भाग समोरच्या चेहऱ्यांनी घडवलेला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग मी वही घेऊन बसले आणि आजवर लोकांनी मला कुठे कुठे अडवलं ते आठवून लिहायला लागले. आठ स्लाइडमध्ये अकरा जागा निघाल्या. त्यातल्या सहाच ठिकाणी खरा प्रश्न यायचा. बाकी ठिकाणी नुसती हालचाल असायची. एखादा शब्द आला की दोघं-तिघं शेजाऱ्याकडे बघायचे. तो शब्द त्यांना कळलेला नसायचा. आकडा आला की काही जण तो वहीत उतरवायला लागायचे आणि त्यांची मान वर येईपर्यंत मी आपोआप थांबायचे. आलेख दाखवला की काहींचे डोळे फळ्यावर डावीकडून उजवीकडे फिरत राहायचे, कुठेच न टेकता. कुठे बघायचं ते त्यांना सापडलेलं नसायचं. या सगळ्याला मी वर्षानुवर्षं उत्तर देत होते. थांबून, परत बोलून, खडूने ठोकून. मात्र देतेय हे मला ठाऊक नव्हतं.

नव्याने व्हिडिओ करायचा ठरवला तेव्हा आधी कागदावर तीन रकाने पाडले. पहिल्यात पडद्यावर काय दिसतं ते. दुसऱ्यात मी काय बोलणार ते, शब्दन् शब्द. तिसऱ्या रकान्याला नाव दिलं "ऐकणाऱ्याच्या मनात". पहिले दोन रकाने बहुतेक जण करतात, रेकॉर्डिंगसाठी ते लागतातच. माझं सगळं काम तिसऱ्याने केलं. तो मी सर्वांत आधी भरला, आणि लोकांच्याच शब्दांत भरला. "भरतीच्या पातळीबद्दल संभ्रम" असं लिहिलं असतं तर त्यातून काहीच सुचलं नसतं. "बापरे, दीड मजला?" असं लिहिल्यावर दुसऱ्या रकान्यात काय बोलायला हवं ते लगेच दिसलं.

हा रकाना वापरायची एक रीत हळूहळू बसली. तिसऱ्या रकान्यात प्रश्न उमटला की दुसऱ्या रकान्यात त्याचं उत्तर पुढच्या एक-दोन वाक्यांत यायला हवं. तीन स्लाइडनंतर आलेलं उत्तर उपयोगाचं नाही, कारण मधल्या वेळात ऐकणारा तो प्रश्न डोक्यात धरून बसतो आणि पुढचं अर्धवट ऐकतो. उत्तर तिथेच देता येत नसेल तर निदान तसं सांगावं, "हे कसं, ते पुढच्या स्लाइडवर येतंय." एवढ्याने त्याला प्रश्न खाली ठेवता येतो. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. दुसऱ्या रकान्यात आठ-दहा वाक्यं झाली आणि तिसरा अजून कोराच आहे, असं दिसलं की मला आधी बरं वाटायचं, इथे सगळं सोपं आहे म्हणून. खरं तर त्या ठिकाणी ऐकणारा मला दिसत नव्हता. अशा जागा मी मग शेजारपाजारच्या कोणालातरी वाचून दाखवायला लागले.

सगळ्यात जास्त खपले ती चौथ्या स्लाइडवर, म्हणजे आलेखाच्या. तिचंच सविस्तर सांगते.

पहिल्या व्हिडिओत ही स्लाइड पूर्ण तयार होऊन एकदम यायची. आडव्या रेघेवर तास, उभ्या रेघेवर मीटर, भरती-ओहोटीची वळणदार रेघ, नाल्याच्या तोंडाची तुटक रेघ, आणि जेवढा वेळ पाणी बाहेर पडू शकत नाही तेवढ्या भागात लाल पट्टा. त्यावर मी म्हटलं होतं, "हा भरती-ओहोटीचा आलेख. आपण पाहतोय की दुपारी साडेबाराला भरती 4.6 मीटरवर पोचते आणि त्या वेळी नाल्यांची तोंडं पाण्याखाली असतात, त्यामुळे पावसाचं पाणी इथून बाहेर पडू शकत नाही." ऐकायला बरं वाटतं. वाक्यात चूक एकही नाही. पण ते तेरा सेकंदांत संपतं. मी वहिनींना तीच स्लाइड मुकी दाखवली आणि दुपारचे साडेबारा कुठे आहेत ते बोटाने दाखवायला सांगितलं. आठ सेकंद लागली. त्यांच्या चटपटीतपणाबद्दल मला शंका नाही. कोणतंही नवं चित्र पुढ्यात आलं की कोणालाही तेवढी लागतीलच. म्हणजे त्या अजून साडेबारा शोधत होत्या आणि मी वाक्य संपवून नाल्याच्या तोंडापर्यंत पोचले होते. वर्गात मी डोळे त्या रेघेवर टेकलेले बघून मगच पुढे जाते. इथे बघायला कोणी नव्हतं, तर तो वेळ आधीच मोजून ठेवायला हवा होता.

आता ती स्लाइड चार टप्प्यांत उलगडते. आधी नुसती रिकामी चौकट येते. तिच्यावर बोलणं असं:

"ही रिकामी चौकट बघा. खालच्या आडव्या रेघेवर दिवसाचे तास आहेत. डाव्या टोकाला मध्यरात्र, मधोमध दुपारचे 12, उजव्या टोकाला पुन्हा मध्यरात्र. डावीकडच्या उभ्या रेघेवर समुद्राच्या पाण्याची पातळी आहे, 0 पासून 5 मीटरपर्यंत. हा 0 म्हणजे समुद्राचा तळ नव्हे. मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर खाली उतरतं, साधारण त्या पातळीला 0 धरलं आहे."

इथे तीन सेकंद शांतता. मग दुसऱ्या टप्प्यावर जाड रेघ डावीकडून उजवीकडे उमटत जाते आणि तिच्याबरोबर मी बोलते:

"आता उधाणाच्या एका दिवसाचं पाणी बघू. हा दिवस नमुन्यादाखल घेतला आहे, तुम्ही व्हिडिओ बघताय तो दिवस नव्हे. सकाळपासून पाणी चढत जातं. दुपारी साडेबाराला जाड रेघ सगळ्यात उंच आहे, 4.6 मीटरवर. मग ती उतरते आणि संध्याकाळी पावणेसातला 1.8 मीटरवर येते. हे चढणं सहा तासांचं आहे. चौपाटीवर बसलेल्या माणसाला पाणी चढताना दिसत नाही, थोड्या वेळाने फक्त पायाखालची वाळू ओली झालेली असते. मुंबईजवळच्या समुद्राची सरासरी पातळी याच मोजपट्टीवर सुमारे अडीच मीटर आहे. म्हणजे 4.6 मीटरची भरती सरासरीपेक्षा साधारण दोन मीटर वर आली, एवढाच त्याचा अर्थ. बातमीत हिलाच कधीकधी 4.6 मीटरची लाट म्हणतात. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा वेगळ्या. त्या या चढलेल्या पाण्यावर उठतात, म्हणून भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाणी उडतं."

या टप्प्यावर "लाट" हा शब्द कुठे घ्यायचा यासाठी मी चार मसुदे केले. पहिल्या मसुद्यात सुरुवातच तिने होती: "तुम्हाला वाटत असेल, 4.6 मीटरची लाट येणार." माझ्या मते प्रश्न पकडायची ही चांगली रीत होती, वर्गात मी तशीच सुरुवात करते. रेकॉर्ड केलेल्या बोलण्यात ती धोक्याची ठरते. वर्गातला मुलगा जागेवरून उठून जात नाही, पुढचं वाक्य त्याच्या कानावर पडतंच. व्हिडिओ बघणाऱ्याचा फोन मधेच वाजतो, दार वाजतं, गाडीत दादर येतं आणि तो उतरतो. त्याच्या कानात शेवटचं वाक्य राहतं ते लाटेचं, तेही माझ्या आवाजात. म्हणून क्रम बदलला. आधी खरं काय ते सांगून पूर्ण करायचं, मग गैरसमजाचा उल्लेख करायचा, आणि लगेच पुन्हा खऱ्यावर यायचं. त्याच कारणाने स्लाइडच्या मथळ्यातही गैरसमज लिहायचा नाही. आधी मी मथळा दिला होता, "4.6 मीटरची लाट?" प्रश्नचिन्ह होतं, तरी नको. स्लाइडचा फोटो काढून कोणीतरी गटावर टाकतो, तिथे माझा आवाज जात नाही. आता मथळा आहे, "भरती: पाणी सहा तासांत चढतं". तो एकटा कुठेही फिरला तरी चालतो.

तिसऱ्या टप्प्यावर नाल्याच्या तोंडाची तुटक रेघ येते. इथे माझा एक शब्द खूप दिवस अडला होता. महापालिकेच्या कागदांत पर्जन्यजलवाहिन्यांच्या या तोंडांना "पातमुख" म्हणतात. शब्द नेमका आहे, मलाही आवडतो. पण बैठकीत तो उच्चारला की शेजाऱ्याकडे बघणं सुरू व्हायचं, आणि मग मी "म्हणजे नाल्याचं तोंड, जिथे नाला समुद्राला किंवा खाडीला मिळतो" असं म्हणायचे. व्हिडिओत आधी नाल्याचं तोंड म्हणते, त्याचं चित्र दाखवते, आणि पातमुख हा शब्द एकदाच सांगते, पुढे बातमीत तो भेटला तर ओळखता यावा म्हणून. मग कारण येतं. आपल्याकडच्या बऱ्याच नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. समुद्राचं पाणी तोंडाच्या वर चढलं की नाल्यातलं पाणी आपल्या वजनाने बाहेर पडू शकत नाही. उलट समुद्रच आत शिरेल, म्हणून काही ठिकाणी झडपा बंद करतात आणि उदंचन केंद्रातले पंप पाणी उपसून बाहेर टाकतात. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशी ही केंद्रं आहेत. पंपांना जेवढं जमेल तेवढंच पाणी त्या वेळात जातं. बाकीचं ओहोटीची वाट बघतं.

चौथा टप्पा लाल पट्ट्याचा. जाड रेघ जेवढा वेळ तुटक रेघेच्या वर आहे तेवढा वेळ रंगवलेला. इथे मी ऐकणाऱ्याला काम देते. "दुपारी साडेबाराला पाऊस थांबला असं समजा. रस्त्यावर साठलेलं पाणी केव्हा उतरायला लागेल? लाल पट्टा बघून मनाशी एक वेळ ठरवा." आणि पाच सेकंद गप्प बसते. रेकॉर्डिंगमध्ये पाच सेकंद फार मोठी वाटतात. पहिल्यांदा मी तीनवरच बोलून गेले. ऐकून पाहिलं तर उत्तर प्रश्नाला चिकटून येत होतं, विचार करायला फटच नव्हती. आता घड्याळाचा काटा बघत बसते. मग उत्तर: पाऊस थांबला तरी लगेच नाही, जाड रेघ तुटक रेघेच्या खाली येईल तेव्हा, लाल पट्टा संपतो तिथून पुढे.

तेरा सेकंदांच्या जागी या स्लाइडला आता तीन मिनिटं दहा सेकंद लागतात. माझ्या वाचण्याचा वेग मी मोजला. वर्गातल्या सवयीने बोलले तर मिनिटाला 120 च्या आसपास शब्द होतात. आलेखावर बोलताना 100 च्या वर जायचं नाही असं ठरवलं. हे आकडे माझ्या जिभेचे आहेत, दुसऱ्याने आपले मोजावेत. पण मोजावेत जरूर, कारण एकट्याने माईकपुढे बसलं की वेग वाढतो. वर्गातले चेहरे आपल्याला मागे ओढत असतात, ती ओढ तिथे नसते. वेळ वाढला म्हणून दोन स्लाइड पूर्ण काढून टाकल्या. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाची एक आणि मुंबईच्या सात बेटांची एक. दोन्ही मला प्रिय, पण तळमजल्यावरच्या माणसाला पाणी केव्हा उतरेल हे सांगायला त्यांची मदत नव्हती.

"इथे", "हे", "असं" या शब्दांनी मला फार छळलं. जुन्या मसुद्यात "इथे" सात वेळा होतं. वर्गात त्यामागे माझं बोट असतं. व्हिडिओत बोट नाही, आणि बघणाऱ्याचा पडदा हाताच्या पंजाएवढा. शिवाय कितीतरी जण बघतच नाहीत. संध्याकाळच्या लोकलमध्ये फोन खिशात आणि बोंडं कानात, पडदा कुठून बघणार? म्हणून प्रत्येक "इथे" खोडून तिथे नाव घातलं. "जाड रेघ सगळ्यात उंच आहे तिथे." "डावीकडची उभी रेघ." रंगाऐवजी जाड आणि तुटक म्हटलं, कारण सगळ्यांना रंग सारखे दिसत नाहीत. मग दोन परीक्षा घेतल्या. एकदा फोन पालथा घालून फक्त ऐकलं, एकदा आवाज बंद करून फक्त पाहिलं. पालथ्या फोनवर जिथे धागा तुटला तिथे बोलणं दुरुस्त केलं. मुक्या पडद्यावर डोळा भलतीकडे गेला तिथे चित्र दुरुस्त केलं. बहुतेक वेळा कारण एकच निघालं. ज्याबद्दल मी अजून बोललेही नव्हते ती गोष्ट पडद्यावर आधीच येऊन बसलेली असायची. डोळा तिकडे जातो आणि कान मागे राहतो.

स्लाइडवरची वाक्यं मोठ्याने वाचायची सवयही अशीच सोडली. फळ्यावर लिहिताना वाचणं ठीक होतं, मुलं उतरवून घेत असतात. छापलेलं वाक्य मात्र डोळा माझ्या आवाजाच्या आधी वाचून संपवतो आणि मग उरलेला आवाज नुसता अडथळा होतो. कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि शब्द एकत्र वापरून माणूस कसा शिकतो यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. चित्रासोबत बोलणं असताना तेच बोलणं शब्दशः पडद्यावरही लिहिलं तर शिकणाऱ्याला सहसा मदत होत नाही, उलट ओझं होतं, असं त्यांच्या कामातून दिसतं. त्यांनीच सांगितलेला एक अपवाद मला उपयोगी पडला. अनोळखी शब्द पडद्यावर लिहिलेला बरा. म्हणून माझ्या स्लाइडवर आता आकडे, वेळा आणि "पातमुख" असे दोन-चार शब्द आहेत. बाकी सगळं बोलण्यात आहे.

रेकॉर्डिंगबद्दल थोडंच. मी पॉवरपॉइंटमध्येच केलं. त्यात प्रत्येक स्लाइडचा आवाज त्या स्लाइडपाशी वेगळा साठतो, त्यामुळे चौथी बिघडली तर फक्त चौथी पुन्हा करता येते. मात्र एक स्लाइड जाऊन दुसरी येत असताना आवाज नोंदला जात नाही. माझी वाक्यं एका स्लाइडवर सुरू होऊन दुसरीवर संपायची, त्यांचे शब्द मधेच गिळले जायचे. आता प्रत्येक स्लाइडचं बोलणं तिथेच सुरू होतं आणि तिथेच संपतं, दोन्ही टोकांना एक श्वास सोडून. आमच्या घरी शांतता रात्री साडेअकरानंतर मिळते. पंखा बंद, खिडकी बंद, एकेक स्लाइड, मध्ये घाम पुसायचा.

मग तयार झालेला व्हिडिओ दोघांना दाखवला. आमचे वॉचमनकाका आणि वरळी कोळीवाड्यातून गल्लीत मासे विकायला येणाऱ्या मावशी. मी शेजारी बसले, एक शब्द न बोलता. हे सोपं नसतं, ओठावर स्पष्टीकरण येतं. "समजलं का?" हा प्रश्नही विचारला नाही, कारण त्याला माणूस भिडेखातर "हो" म्हणतो. त्यांनी व्हिडिओ मागे नेला की तिथली वेळ लिहून घेतली, आणि शेवटी म्हटलं, "आता हे मला तुमच्या शब्दांत सांगा." काकांनी दोनदा मागे नेला, दोन्ही वेळा तुटक रेघ येते तिथे. सांगताना ते म्हणाले, "समुद्र तुटक रेघेपर्यंतच चढतो." म्हणजे तुटक रेघ त्यांना समुद्राची मर्यादा वाटली होती. हे माझ्या तिसऱ्या रकान्यात नव्हतंच. चूक त्यांची नव्हती. माझ्या चित्रात रेघ सगळी समुद्रात होती, तिचा नाल्याशी संबंध दिसतच नव्हता. आता तुटक रेघेच्या डाव्या टोकाला नाल्याच्या तोंडाचं छोटं चित्र आहे आणि मी म्हणते, "ही रेघ जागची हलत नाही. नाल्याचं तोंड या उंचीवर बांधलेलं आहे. समुद्र मात्र तिच्या वर चढतो आणि खाली उतरतो."

मावशींनी काहीच मागे नेलं नाही. पूर्ण पाहून झाल्यावर म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण उधाण कधी ते कुठे सांगितलंस? रोज नसतं ते. लोकांना वाटेल रोजच असं." मला वहिनी आठवल्या. "ती आज येणार आहे" हा त्यांचा दुसरा गैरसमज मी "नमुन्यादाखल" या एका शब्दावर सोडून दिला होता. मावशींनी सांगितलेलं मी पाचव्या स्लाइडवर घेतलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान. सर्वांत मोठी भरती बहुधा अमावास्या-पौर्णिमा उलटल्यावर एक-दोन दिवसांनी येते. वेळ हवी असेल तर कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. अंदाजापुरताच हा हिशेब, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो; नेमकी वेळ छापलेल्या तक्त्यात बघायची. पण यातून बघणाऱ्याला आजची भरती स्वतः काढता येते, आणि माझ्या आलेखातली वेळ आजची नाही हे न सांगता कळतं.

सगळ्यांची उत्तरं व्हिडिओत बसत नाहीत. हिंदमाताला भरती नसतानाही पाणी का भरतं, हा प्रश्न परळ-दादरच्या प्रत्येक बैठकीत येतो. त्याचं उत्तर वेगळं आहे. ती जागा बशीसारखी खोलगट, चहूबाजूंचं पाणी तिथे उतरतं. ते मी चौथ्या स्लाइडमध्ये घुसवलं असतं तर भरतीचा धागा तुटला असता. वगळलं असतं तर इथला माणूस म्हणाला असता, ह्यांचं काही खरं नाही, आमच्याकडे तर ओहोटीलाही पाणी. म्हणून एक वाक्य ठेवलं: "काही सखल जागी भरती नसतानाही पाणी साठतं. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते या व्हिडिओत नाही." ज्याच्या मनात तो प्रश्न आहे त्याला आपण विसरलो नाही, एवढं त्याला कळतं.

नवा व्हिडिओ यंदा मे अखेरीस गल्लीतल्या गटांवर गेला. वहिनींनी पुन्हा पाहिला. जूनमध्ये एका सकाळी जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "काल पौर्णिमा झाली ना, आज बाराच्या आत स्कूटर वरच्या अंगाला लावून घेते." मी काही बोलले नाही, फक्त मान हलवली.

परवा मात्र व्हिडिओ फिरत फिरत आपल्या गल्लीबाहेर गेल्याचं कळलं. कुर्ल्याच्या एका बाईंनी तो पाठवणाऱ्याकरवी निरोप धाडला. "समुद्र कुठे आणि आम्ही कुठे? आमच्याकडे भरतीचं पाणी कसं येईल?" मी त्यांना फोन करून सांगितलं की मिठी नदी माहीमच्या खाडीत उतरते आणि खाडीला भरती येते तेव्हा तिचं पाणी नदीतही मागे चढतं, म्हणून तुमच्याकडच्या नाल्यांचीही तीच अडचण. फोन ठेवला आणि जुना तक्ता काढला. सहाव्या स्लाइडच्या तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "समुद्र कुठे आणि आम्ही कुठे?" मधला रकाना अजून कोरा आहे. आधी मिठीचा नकाशा काढायला घेतलाय, पंजाएवढ्या पडद्यावर वाचता येईल असा.